ऑनलाइन सातबारावर चूक आहे आणि दुरुस्तीचा अर्ज परत येतोय: अडतं कुठे, सुटतं कसं

माझं तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले हे रोजचं काम, आणि त्यांत अडचण आलीच तर ती बहुतेक कागद अस्पष्ट स्कॅन झाल्याची किंवा आधारवरचं नाव जुळत नसल्याची असते. ती दोन दिवसांत मार्गी लागते. ज्या एका कामासाठी तीच माणसं वर्षभर पुन्हा पुन्हा येतात, ते म्हणजे सातबारावरची चूक. "तीनदा अर्ज दिला हो, तीनदा परत आला," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माणूस बोलायला लागला की मी आधी हातातले कागद मागून घेतो.

अर्ज परत येण्याचं मुख्य कारण कुणी सांगत नाही. 'सातबारावर चूक' या एकाच नावाखाली लोक चार वेगवेगळ्या गोष्टी घेऊन येतात, आणि त्या चारही गोष्टींची दारं वेगळी आहेत. चुकीच्या दारावर कितीही वेळा टकटक केलं तरी आतून "हे आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर येतं. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी चूक कुठल्या कागदावर जन्मली ते शोधायचं. हे शोधणं कंटाळवाणं आहे, पण ऐंशी टक्के काम तेच.

आमच्याच घरातलं प्रकरण सांगतो, म्हणजे पायऱ्या नीट कळतील. गट क्रमांक आणि आकडे ओळख लपवण्यापुरते बदलले आहेत, हिशेब तोच आहे.

माझे चुलते, आमचे नाना, पीककर्जाला गेले. बँकेने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मागितला. मी digitalsatbara.mahabhumi.gov.in वर लॉगिन करून गट ८७ शोधला, तर या गटाचा स्वाक्षरी केलेला उतारा उपलब्धच नाही. मोफत बघायच्या साइटवर, म्हणजे bhulekh.mahabhumi.gov.in वर, तोच गट दिसत होता. नानांचं नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, खाते क्रमांक बरोबर. नाना म्हणाले, "मग अडलंय कशाला? कॉम्प्युटरच बिघडला असणार." त्यांनी तसाच अर्ज गावच्या भाऊसाहेबांकडे, म्हणजे तलाठ्याकडे दिला: 'सातबारा ऑनलाइन निघत नाही, काढून मिळावा.' अर्ज परत. दुसऱ्या वेळी भूलेखची प्रिंट जोडून 'सातबारा दुरुस्त करावा' असा दिला. तोही परत, कारण काय दुरुस्त करायचं ते अर्जात कुठेच नव्हतं. शिवाय त्या प्रिंटवर ती फक्त माहितीसाठी असल्याचं छापलेलंच असतं, कार्यालय तिला पुरावा मानत नाही.

मग मी वही घेऊन बसलो.

आधी बेरीज करा

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. वरच्या भागात, नमुना सातमध्ये, गटाचं एकूण क्षेत्र एका जागी असतं आणि प्रत्येक खातेदारासमोर त्याचं क्षेत्र, आकार आणि पोटखराब वेगळं असतं. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. गुंठ्यात विचार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एक गुंठा एका आरपेक्षा किंचित मोठा असतो, १०१.१७ चौरस मीटर. तोंडी हिशेबाला दोन्ही सारखे धरले तर चालतं, अर्जात चालत नाही.

गट ८७ चं एकूण क्षेत्र १.६२.०० होतं. पोटखराब नव्हतं, त्यामुळे हिशेब सोपा. तीन भाऊ, तिघांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकी ०.५४. मी संगणकीकृत सातबारावरचे तीन आकडे मांडले: ०.५४, ०.४५, ०.५४. बेरीज १.५३. नऊ आर गायब.

जमाखर्च लिहिणाऱ्या माणसांना एक जुनी युक्ती माहीत असते. बेरजेतला फरक ९ ने भागला जात असेल तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का ते पहिल्यांदा बघायचं. ५४ चे ४५ झाले की फरक ९. ७२ चे २७ झाले की ४५. सातबारावर ही चूक फार भेटते, कारण हस्तलिखित उतारे बघून आकडे टंकले गेले तेव्हा एकेका माणसाने हजारो ओळी भरल्या होत्या. फरक नऊच्या पाढ्यात बसला म्हणजे चूक सिद्ध होत नाही, पण शोधायचं कुठे ते कळतं. फरक नऊच्या पाढ्यात नसेल तर एखादा खातेदार सुटलाय का, एकाचं क्षेत्र दोनदा आलंय का किंवा पोटखराब मिसळलंय का ते बघायचं.

दुसरा साक्षीदार त्याच ओळीत असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे आकार, रुपये-पैशांत लिहिलेला शेतसारा. एकाच गटात, एकाच प्रतीच्या जमिनीत, आकार क्षेत्राच्या प्रमाणात वाटलेला असतो. आमच्या गटाचा एकूण आकार ४.०५ रुपये, तिघांसमोर प्रत्येकी १.३५. मधल्या भावाचं क्षेत्र खरंच ०.४५ असतं तर त्याचा आकार १.१३ च्या आसपास यायला हवा होता. आकार १.३५ च राहिला होता, म्हणजे एकच रकाना टंकताना घसरला होता आणि शेजारचा शाबूत होता.

लोक इथे आठ-अ चा उतारा पुरावा म्हणून आणतात. आठ-अ म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा. तो संगणकात त्याच नोंदींवरून तयार होतो. सातबारावर ०.४५ असेल तर आठ-अ वरही ०.४५ च येणार, तेव्हा त्याच्याशी ताडून काही हाती लागत नाही. ताडायचं ते जुन्या कागदाशी.

आता नानांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. त्यांची ओळ बरोबर असताना त्यांचा उतारा का अडला? कारण स्वाक्षरी खातेदाराच्या ओळीवर होत नाही, अख्ख्या उताऱ्यावर होते. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल तर तो गट स्वाक्षरीतून बाहेर राहतो. चूक भावाच्या ओळीत, कर्ज अडलं नानांचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं. ते आपलं नाव, आपलं क्षेत्र तपासून "माझं तर सगळं बरोबर आहे" म्हणत महिनोन्‌महिने फिरत राहतात.

चूक कुठे जन्मली ते शोधा

यासाठी तीन कागद समोरासमोर लागतात: फेरफार, हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा.

सातबारावर नावाजवळ गोलात किंवा कंसात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. हे नाव, हे क्षेत्र या उताऱ्यावर कुठल्या नोंदीने आलं ते तो सांगतो. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. आमच्या प्रकरणात आजोबा वारल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला होता आणि पुढे तिघांच्या वाटपाचा दुसरा. दोन्हींच्या आणि बंद झालेल्या हस्तलिखित सातबाराच्या नकला मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढल्या. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन aapleabhilekh.mahabhumi.gov.in वरही आहेत, तिथे मिळाला तर हेलपाटा वाचतो. पण अर्जाला जोडायची ती प्रमाणित नक्कलच. नक्कल मागताना नुसता गट क्रमांक न देता कुठल्या साली कुठला क्रमांक होता तेही द्या. गावात एकत्रीकरण झालं असेल तर आजचा गट ८७ पूर्वी सर्व्हे नंबर वेगळाच असतो आणि 'अभिलेख आढळत नाही' असा शेरा मारून अर्ज परत येतो.

कागद हाती आल्यावर उलट्या दिशेने चालायचं. आमच्याकडे वाटपाच्या फेरफारात तिघांना प्रत्येकी ०.५४ होतं. हस्तलिखित सातबारावरही ०.५४. संगणकीकृत उताऱ्यावर मधल्याचं ०.४५. शिवाय हस्तलिखित बंद झाल्यापासून आजपर्यंत त्याच्या ओळीत क्षेत्र बदलणारा एकही फेरफार नव्हता. म्हणजे आकडा बदलायला कायदेशीर कारणच नाही, तो टंकताना बदलला. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि अर्जात तेच बहुतेकांचं राहून जातं. कार्यालयाला शंका असते ती हीच, की मधल्या काळात या भावाने नऊ आर विकले तर नसतील?

चार चुका, चार दारं

चूक फेरफार आणि हस्तलिखितात नाही, फक्त संगणकात आहे, तर ती लेखनप्रमादाची चूक. तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५५ आहे आणि व्यवहारात आदेश तहसीलदार देतात. आमचं प्रकरण या दाराचं.

चूक फेरफारातच आहे, तर गोष्ट बदलते. समजा वारस नोंद करताना भावांची नावं लागली आणि आत्याचं नाव सुटलं. संगणकाने काही बिघडवलेलं नाही, त्याने फेरफार इमानाने उतरवलाय. असे अर्ज लोक कलम १५५ खाली देतात, आणि ते फेटाळले जाणं योग्यच असतं, कारण हे कलम कुणाचा हक्क आहे ते ठरवण्यासाठी दिलेलं नाही. तिथे फेरफाराच्या आदेशाविरुद्ध कलम २४७ खाली अपील करावं लागतं, तलाठी-मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या नोंदीसाठी ते उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे जातं. मुदत साठ दिवसांची. नोंद वीस वर्षांपूर्वीची असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो आणि विलंब का झाला हे खरं सांगावं लागतं. इथे मात्र सेवा केंद्राच्या भरवशावर राहू नका, वकील गाठा. आत्याचा हिस्सा भाऊ नाकारतच असतील तर मामला दिवाणी न्यायालयाचा आहे, महसुली कार्यालय तो मिटवू शकत नाही.

तिसरी गोष्ट चूक नसतेच, नोंद व्हायचीच राहिलेली असते. खरेदीखत झालं, फेरफार घेतला गेला, पण मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केलेला नाही. माणसाला वाटतं, आपलं नाव गाळलं. यासाठी उताऱ्याच्या खालच्या भागात बघा. २०२० नंतरच्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार आहे की नाही आणि शेवटचा फेरफार क्रमांक व तारीख काय, हे छापलेलं असतं. तिथे प्रलंबित क्रमांक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज देऊ नका, त्या फेरफाराचा पाठपुरावा करा. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरच्या 'आपली चावडी' मध्ये गाव निवडलं की सध्या नोटिशीवर असलेले फेरफार दिसतात. नमुना ९ ची नोटीस हितसंबंधितांना जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली की नोंद वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नमुना सहा-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते. कायदा अशी प्रकरणं शक्यतो वर्षाच्या आत निकाली काढायला सांगतो. 'शक्यतो' हा शब्द किती ताणता येतो ते तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला सांगायला नको.

चौथी गोष्ट: सातबारा, फेरफार, हस्तलिखित सगळे एकमेकांशी जुळतात, पण शेतात टेप लावला की जमीन कमी भरते. इथे तलाठी आणि तहसीलदार दोघांचाही काही संबंध नाही. हे भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाचं, मोजणीचं काम. क्षेत्रात खरंच दुरुस्ती करायची ठरली तर तिकडून कमी-जास्त पत्रक येतं आणि मग सातबारा बदलतो.

नावाच्या स्पेलिंगबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शेतकरी ओळख क्रमांक काढताना हल्ली सगळ्यात जास्त माणसं यातच अडकतात. सातबारावर 'रामू विठू' आहे आणि आधारवर 'रामचंद्र विठ्ठल'. हस्तलिखितावरही 'रामू विठू'च असेल तर सातबारा चुकलेला नाही, आजोबांनी नाव तसंच लावलं होतं. ती लेखनप्रमादाची चूक म्हणून सहज सुटत नाही, रामू आणि रामचंद्र एकच हे दाखवावं लागतं. हस्तलिखितावर 'रामचंद्र' असून संगणकात 'रामंचद्र' झालं असेल तर ती सरळ टंकनाची चूक. दोन्हींचा अर्ज सारखाच लिहिला की दोन्ही परत येतात.

अर्ज कसा लिहावा

अर्ज दोन वाटांनी जातो. एक ई-हक्क प्रणालीतून, pdeigr.maharashtra.gov.in वर. तिथे वारस नोंद, बोजा चढवणे किंवा कमी करणे, मयताचं नाव कमी करणे वगैरे प्रकारांमध्ये 'संगणकीकृत सातबारा हस्तलिखितानुसार दुरुस्त करणे' अशा आशयाचा पर्याय असतो. दुसरी वाट कागदी अर्जाची. मी दोन्ही करायला सांगतो: ऑनलाइन भरा, अर्ज क्रमांकाची प्रिंट काढा, आणि तीच कागदपत्रं देऊन तहसीलच्या आवक विभागात पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे बोलाचीच कढी.

ऑनलाइन भरताना गाव निवडताना सावध राहा. एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं, 'बुद्रुक' आणि 'खुर्द', असतातच. गटाचा पोटहिस्सा लिहितानाही ८७/१, ८७/१/अ आणि ८७/१अ ही तीन वेगळी नावं होऊ शकतात. भूलेखवर नुसता ८७ टाकून शोधा, खाली जी यादी येईल तिच्यात जसं लिहिलंय तसंच अर्जात उतरवा.

नानांच्या तिसऱ्या अर्जातला मुख्य मजकूर असा होता:

"मौजे अमुक येथील गट क्र. ८७ च्या हस्तलिखित गाव नमुना ७ वर खाते क्र. तमुक, खातेदार अमुक यांच्या नावे क्षेत्र ०.५४.०० हे. आर. व आकार १.३५ अशी नोंद आहे. संगणकीकृत गाव नमुना ७ वर त्याच खातेदाराच्या नावे क्षेत्र ०.४५.०० आले असून आकार १.३५ कायम आहे. दोन्ही अभिलेखांच्या दरम्यान सदर खात्याचे क्षेत्र बदलणारा कोणताही फेरफार झालेला नाही. त्यामुळे खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्र १.६२.०० शी जुळत नाही. सबब कलम १५५ अन्वये दुरुस्ती व्हावी."

गावाचं नाव आणि खाते क्रमांक तुमचे घाला, बाकी सांगाडा हाच ठेवा. जुना आकडा, नवा आकडा, मधे काहीच घडलं नाही, आणि परिणाम. यापलीकडे लिहू नका. आधीच्या अर्जात नानांनी "गेली दोन वर्षे मला मानसिक त्रास" वगैरे पानभर लिहिलं होतं. वाचणाऱ्या कारकुनाला त्यात गट क्रमांकही सापडला नसेल.

जोडायचे ते: दोन्ही फेरफारांच्या आणि हस्तलिखित सातबाराच्या प्रमाणित नकला, संगणकीकृत सातबाराची प्रत, आणि ज्याच्या ओळीत दुरुस्ती होणार त्याचा जबाब. हा जबाब विसरू नका. कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या जोडीला, हितसंबंधित व्यक्ती मान्य करतात अशा चुकाही दुरुस्त करण्याची सोय आहे. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत चूक दिसली तर मात्र नोटीस काढून हरकती निकाली काढाव्या लागतात. सगळे भाऊ "होय, ०.५४ हेच बरोबर" असं लिहून देत असतील तर काम सुटसुटीत होतं. आमचा मधला काका शहरात, शेतीकडे त्याचं लक्ष नाही. "माझं काही अडलं नाही," म्हणाला. कमी झालेले नऊ आर त्याचेच आहेत, हे त्याला वहीत मांडून दाखवल्यावर तो पुढच्याच एसटीने आला.

आदेश निघाला म्हणजे संपलं नाही

इथे दुसऱ्यांदा माणसं अडकतात. तलाठ्याचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून भाऊसाहेबच) अहवाल तहसीलला जातो, तहसीलदार आदेश काढतात, आदेशाची प्रत हाती येते, आणि माणूस पेढे वाटून मोकळा होतो. सातबारा मात्र आदेशाने आपोआप बदलत नाही. त्या आदेशावरून फेरफार घ्यावा लागतो आणि तो मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावा लागतो. मगच संगणकातला आकडा बदलतो. नानांच्या आदेशानंतर महिनाभर काहीच हललं नाही, कारण आदेशाची प्रत भाऊसाहेबांपर्यंत पोचलीच नव्हती. नानांनी आपल्या प्रतीची झेरॉक्स नेऊन दिली आणि फेरफार क्रमांक विचारून घेतला. तो क्रमांक हाती आला की पाठपुरावा सोपा. 'आमच्या अर्जाचं काय झालं' या प्रश्नाला "बघतो" हे उत्तर मिळतं, 'फेरफार अमुक प्रमाणित झाला का' याला हो किंवा नाही असंच सांगावं लागतं.

फाइल कुठे थांबली तेच कळत नसेल तर तक्रार करण्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. 'माझे काम का झाले नाही' असं विचारू नका, तो माहितीचा प्रश्न नाही. 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची व आजपर्यंतच्या कार्यवाहीची प्रत द्यावी' असं मागा. बऱ्याचदा ही प्रत द्यायची वेळ आली की फाइल आपोआप पुढे सरकते. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथेही जाता येतं, पण ज्यावर अपील होऊ शकतं अशी प्रकरणं तिथे घेत नाहीत.

नवा उतारा हाती आल्यावर

पंधरा रुपये भरून स्वाक्षरीचा उतारा काढलात की लगेच बँकेत धावू नका. बँक खात्यातून पैसे कापले आणि साइटवर शिल्लक दिसली नाही, तर दुसऱ्यांदा भरू नका, आधी साइटवर पेमेंटची स्थिती तपासा. उतारा मिळाल्यावर शेवटचा फेरफार क्रमांक तुमच्या दुरुस्तीचाच आहे ना ते बघा. तो जुना असेल तर तुमच्या हातात जुनाच उतारा आहे. मग पुन्हा बेरीज करा. आमच्याकडे ०.५४ तीनदा आणि एकूण १.६२ आलं. आकार ४.०५ होताच. दुरुस्ती करताना शेजारचा रकाना बिघडल्याचंही मी पाहिलंय, म्हणून इतर अधिकारातले शेरे, विहिरीची नोंद, जुना बोजा हे सगळं हस्तलिखिताशी पुन्हा एकदा ताडून घ्या.

बँकेत पीडीएफ उघडल्यावर स्वाक्षरीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं आणि साहेब "हे चालत नाही" म्हणाले, तर घाबरू नका. त्या संगणकातल्या पीडीएफ प्रोग्रामला भारतातलं मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. उताऱ्यावर पडताळणीसाठी क्रमांक छापलेला असतो, तो digitalsatbara.mahabhumi.gov.in वरच्या पडताळणीच्या पानावर टाकला की मूळ उतारा साहेबांच्या स्क्रीनवर उघडतो. नानांच्या बँकेत तेच करावं लागलं. त्यानंतर साहेबांनी आठ-अ मागितला. तो नव्याने काढावा लागला, आणि या वेळी मधल्या काकाच्या खात्यावर नऊ आर परत आलेले होते.